बसलेले अडीच दिवस आणि नानांचा इन्सेंटिव्ह

प्रश्न: अंबडला एका प्रेस शॉपमध्ये कॉस्टिंगला नवीन लागलोय. महिन्यात आयडल टाइमही आहे आणि ओव्हरटाइमही. लेबर रेट आणि एफिशियन्सी व्हेरियन्स काढताना नेमके कोणते तास धरायचे? ओव्हरटाइमचा डबल रेट सगळा रेट व्हेरियन्समध्येच जाऊ द्यायचा का? लायनीवर कंत्राटी कामगारही आहेत, त्यांचं काय?

उत्तर:

रेटला पगार दिलेले तास, एफिशियन्सीला खरोखर काम झालेले तास, आणि मधे जो फरक उरतो तो आयडल टाइमचा. ओव्हरटाइमच्या दुपटीतली वरची एकपट रेटमधून काढून वेगळ्या ओळीत दाखवायची. एवढं कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये सापडेल. मी लिहायला बसले ती ‘अंबड’ आणि ‘प्रेस शॉप’ हे शब्द वाचून, कारण हाच घोळ मी माझ्या पहिल्या नोकरीत टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसून पाहिलाय.

मी कॉस्टिंगला ज्युनिअर होते. शीटमेटल ब्रॅकेटची लाइन होती: आधी ब्लँकिंग, मग फॉर्मिंग, पिअर्सिंग, शेवटी स्पॉट वेल्डिंग. लायनीवर १२ माणसं आणि सुपरवायझर नाना. नाना रोज सकाळी खिशातली छोटी डायरी काढून कोण किती वाजता उभा राहिला, कोणती डाय कधी चढली, सगळं पेन्सिलीनं लिहायचे. त्यांची ती डायरी आमच्या ईआरपीपेक्षा खरी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्या महिन्यात ब्लँकिंग प्रेसचं क्लच लायनिंग गेलं. मेंटेनन्सनं त्याची इंडेंट दीड महिना आधीच टाकली होती. ती आमच्या फायनान्सच्या साहेबांच्या टेबलावर पडून होती, कारण तेव्हा ‘इन्व्हेंटरी कमी करा’ची मोहीम चालू होती. त्याच मोहिमेत प्रक्रियेतला मालही कमी केलेला, त्यामुळे ब्लँकिंग थांबलं आणि तासाभरात पुढच्या मशीनही रिकाम्या झाल्या. अडीच दिवस १२ माणसं बसून. मग डिस्पॅच चुकायला नको म्हणून पुढे साधारण दोन आठवडे सगळे शिफ्टनंतर रोज २ तास थांबले. त्यात वर कस्टमरनं मधेच थोडी ऑर्डर वाढवली.

आकडे हिशोबाला सोपे करून आणि आताच्या मानानं देते, गोष्ट तीच आहे. स्टँडर्ड: एका ब्रॅकेटला अर्धा तास, ताशी ₹१५०. महिन्याचं उत्पादन ५,२०० नग, म्हणजे स्टँडर्ड तास २,६००. साध्या शिफ्टचे पगारी तास २,४००, त्यातले २४० बसलेले. ओव्हरटाइमचे ३०० तास. महागाई भत्ता मधे वाढला होता, म्हणून साधा दर ₹१५२ पडला आणि ओव्हरटाइमचा दुप्पट, ₹३०४. तेव्हा फॅक्टरी ॲक्टच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलं की दुप्पट द्यावंच लागायचं, त्यामुळे तो दर काही नानांनी ठरवलेला नव्हता.

पगाराचा खर्च झाला ₹४,५६,०००. स्टँडर्डप्रमाणे ५,२०० नगांना ₹३,९०,००० व्हायला हवा होता. फरक ₹६६,०००, प्रतिकूल. इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही.

साहेबांनी शीटमध्ये सगळे पगारी तास, म्हणजे २,७००, एकाच सूत्रात घातले. एफिशियन्सी: २,६०० वजा २,७००, शंभर तास कमी, गुणिले १५०, म्हणजे ₹१५,००० प्रतिकूल. उरलेले ₹५१,००० रेट व्हेरियन्स. रेट व्हेरियन्सपुढे शेरा ‘पर्सोनेलने खुलासा द्यावा’, एफिशियन्सीपुढे शेरा ‘सुपरवायझरने खुलासा द्यावा’. आणि लाइन प्रतिकूल, म्हणून नाना आणि त्यांच्या १२ जणांचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला.

नाना डायरी घेऊन माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “ताई, मशीन बंद होती तेव्हा पोरं काय हातानं पत्रा कापणार होती का? हे अडीच दिवस माझ्या नावावर कसे?”

मी त्या रात्री घरी बसून पुन्हा मांडलं. बसलेले २४० तास काढून टाकले की काम झालेले तास उरतात २,१६० आणि ओव्हरटाइमचे ३००, मिळून २,४६०. नगांचं स्टँडर्ड २,६००. म्हणजे लायनीनं १४० तास वाचवले होते. गुणिले १५०, ₹२१,००० अनुकूल. ज्या माणसाला खुलासा मागितला, त्याला खरं तर शाबासकी द्यायला हवी होती.

बसलेले २४० तास गुणिले १५०, म्हणजे ₹३६,००० आयडल टाइम व्हेरियन्स. हा कायम प्रतिकूलच असतो. दर मात्र स्टँडर्डच धरायचा, ₹१५२ नाही. ते वरचे दोन रुपये रेटमध्ये येतातच, दोनदा मोजू नका.

आता रेट. साध्या दरातला खरा फरक फक्त ₹२, तो सगळ्या २,७०० तासांवर, म्हणजे ₹५,४००. पर्सोनेलनं खुलासा द्यायचा तर एवढ्याचाच, आणि तोही महागाई भत्त्याचा. उरलेला सगळा ओव्हरटाइमचा प्रीमियम: ३०० तास गुणिले १५२, ₹४५,६००. बेरीज करून बघा. ५,४००, ४५,६०० आणि ३६,००० मिळवा, त्यातून २१,००० वजा करा. ६६,०००च येतात.

दुसऱ्या दिवशी मी कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी शेवटची ओळ पाहिली आणि म्हणाले, “टोटल तर तेवढीच येतेय ना? मग एवढं चिरफाड करून मिळवलं काय?” मी तेव्हा गप्प बसले. इतक्या वर्षांनी उत्तर इथे देते. टोटल तेवढीच येते, पण बोलावलं जाणारं माणूस बदलतं, साहेब. तुमच्या शीटप्रमाणे नानांना आणि पर्सोनेलला बोलवायचं होतं. माझ्या शीटप्रमाणे इंडेंट ज्याच्या टेबलावर होती त्याला.

आणि खरी मजा अजून पुढेच आहे, ती बहुतेक पुस्तकं सोडून देतात. ओव्हरटाइमचा प्रीमियम एका ओळीत दाखवून काम संपत नाही, तो कशामुळे लागला ते विचारावं लागतं. ३०० पैकी २४० तास तर बसलेला वेळ भरून काढायलाच गेले. कस्टमरच्या वाढीव ऑर्डरचे फक्त ६०. म्हणजे प्रीमियमपैकी ₹३६,४८० क्लच लायनिंगच्या खात्यात आणि ₹९,१२० त्या ऑर्डरच्या. हे ₹९,१२० कस्टमरकडून मागायचे की मार्केटिंगनं सोसायचे, हा वेगळा वाद, पण ते लायनीचे नाहीत हे नक्की. आयडलचे ₹३६,००० आणि हे ₹३६,४८० धरले तर लायनिंगची इंडेंट अडवणं ₹७२,४८० ला पडलं. उलट बाजूनं ताडून बघा: मशीन बंद पडली नसती तर २४० तासांचा ओव्हरटाइम लागलाच नसता, ३०४ च्या दरानं ₹७२,९६० वाचले असते. वरचे ₹४८० म्हणजे तेच दोन रुपये, २४० तासांवरचे, जे रेटच्या ओळीत बसलेत. थोडक्यात, भरून काढायचा प्रत्येक बसलेला तास दोनदा पडतो, आणि एकाच सूत्रात सगळं घातलं की तो दोन वेगळ्या व्हेरियन्समध्ये विरघळून जातो. कुणाला दिसतच नाही.

कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड ७ हेच सांगतं, ओव्हरटाइमचा प्रीमियम तो लागण्यामागची परिस्थिती बघून कामावर टाका किंवा ओव्हरहेडमध्ये घ्या; आणि असाधारण खर्च मोठा नि मोजता येण्यासारखा असेल तर उत्पादनाच्या खर्चात धरू नका. माझ्या मते बिघाडाचे अडीच दिवस त्यातच बसतात. ते नगाच्या किमतीत मिसळलेत तर पुढचं कोटेशनही चुकेल.

आता ज्यासाठी मला कुणीतरी टोकणारच, ते. सगळाच आयडल टाइम बाहेर काढायचा नसतो. चहाची सुट्टी, डाय बदलणं, शिफ्टच्या सुरुवातीचं सेटिंग हे तुमच्या अर्ध्या तासाच्या स्टँडर्डमध्ये किंवा ताशी दरात आधीच धरलेलं असेल, तर तेच पुन्हा आयडल म्हणून लिहिलं की एफिशियन्सी खोटी चांगली दिसते. स्टँडर्ड कसं बांधलंय तो कागद आधी मागा.

आणि हो, सुपरवायझर म्हणजे सगळे नाना नसतात. एकदा आयडल वेगळं दाखवायला लागलात की लायनीचा ढिसाळपणाही आयडल कार्डावर चढायला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: कार्डावर नेहमी गोल आकडे, दोन तास, चार तास, आणि मेंटेनन्सच्या ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये त्या वेळेची नोंदच नाही. प्रेसवर स्ट्रोक काउंटर असेल तर ‘बंद’ लिहिलेल्या वेळात तो पुढे सरकलाय का बघा. मी नानांच्या डायरीवर भरवसा ठेवला तोही रजिस्टरशी मिनिटं जुळवून पाहिल्यावरच. ओव्हरटाइमच्या तासांतली एफिशियन्सीही जमलं तर वेगळी काढा. दहाव्या तासाला हात जड होतात, आणि सरासरीत ते दिसत नाही.

परीक्षेसाठी विचारत असाल तर गणितात जेवढं दिलंय तेवढंच करा, हे सगळं लिहीत बसू नका.

कंत्राटी कामगारांचं: त्यांचा दर आणि हात दोन्ही वेगळे, त्यामुळे तिथे मिक्सचा प्रश्न येतो आणि तो एवढ्यात बसणार नाही. निदान त्यांचे तास वेगळ्या ओळीत ठेवा, कायम कामगारांच्या सरासरी दरात मिसळू नका.

नानांचा इन्सेंटिव्ह शेवटी मिळाला नाही. पुढच्या महिन्यापासून शीटमध्ये ‘आयडल’ नावाचा एक कॉलम आला, साहेबांच्याच अक्षरात.