डिफी-हेलमन ही दोघांनी उघड्या तारेवर बोलून एक गुप्त की, म्हणजे निरोप बंद करायचा आकडा, ठरवायची रीत. तिच्यात सगळे आकडे उघड्यावरून जातात, मग मधे बसून ऐकणाऱ्याला की का काढता येत नाही? छोट्या आकड्यांत दाखवाल का?

याच प्रश्नावरून माझा एका वरिष्ठांशी चांगलाच वाद झाला होता. त्यांचा हट्ट असा, की निदान मूळ संख्या तरी लपवा. मी फळ्यावर मूळ संख्या 29 आणि पाया 2 लिहिला आणि म्हटलं, हे जगजाहीर धरा.

पहिल्याने मनात 5 धरला. 2⁵ = 32, 29 ने भागून बाकी 3. त्याने 3 पाठवला. दुसऱ्याने मनात 12 धरला. 2¹² = 4096, बाकी 7. त्याने 7 पाठवला. आता पहिला 7⁵ ची बाकी काढतो: 16. दुसरा 3¹² ची: तीही 16, कारण दोन्हीकडे 2⁶⁰ च आहे. हा 16 म्हणजेच दोघांची की. ऐकणाऱ्याच्या वहीत 29, 2, 3, 7 एवढंच. 5, 12 आणि 16 तारेवरून गेलेच नाहीत.

साहेब लगेच म्हणाले, "मग 3 गुणिले 7 करा की!" केलं. 21 आले. गुणाकारात घातांकांची बेरीज होते, म्हणजे हाती 2¹⁷ लागतं. हवा असतो घातांकांचा गुणाकार, आणि तो 3 आणि 7 वरून थेट करायची सोपी रीत कुणालाच माहीत नाही. म्हणून आधी 5 किंवा 12 शोधावा लागतो. 2 च्या घातांच्या बाक्या ओळीने बघा: 2, 4, 8, 16, 3, 6, 12, 24, 19, 9, 18, 7. बाकी घेतली नसती तर आकड्याच्या आकारावरूनच घातांक कळला असता. इथे 16 नंतर 3 येतो आणि तो माग पुसला जातो.

त्यामुळे मूळ संख्या लपवण्यात काही अर्थ नाही, हे माझं मत आजही ठाम आहे. ती दोन्ही टोकांना लागतेच. जी गोष्ट आधी गुपचूप पोहोचवावी लागते, तिच्यावर भिस्त ठेवायची तर डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये हे मांडलं कशाला? जपायचे ते 5 आणि 12. काम झालं की तेही फेकून द्यायचे.

अर्थात 29 वर हे सुरक्षित नाही. वरची ओळ लिहिली की ऐकणाऱ्याला बाराव्या पायरीच्या आत घातांक सापडतो. खऱ्या वापरात 2048 बिटांची, नीट निवडलेली मूळ संख्या लागते.

आणि हे सगळं नुसतं ऐकणाऱ्यापुरतंच. त्याने मधे हात घातला, मनात 3 धरून दोघांनाही आपला 8 पाठवला, तर पहिल्याकडे की 27 होते आणि दुसऱ्याकडे 24. मधल्याला दोन्ही काढता येतात, तो एकीकडून उलगडून दुसरीकडे पुन्हा बंद करून पाठवत राहतो आणि निरोप बिनबोभाट पोहोचतात. हे मूळ संख्या लपवून थांबत नाही. आलेल्या 7 वर पाठवणाऱ्याची सही तपासा, नाहीतर दोघांनी फोनवर आपापल्या कीचा हॅश, म्हणजे कीवरून काढलेला पण की उघड न करणारा ठसा, वाचून ताडून बघा.