बॉटलनेक किती टक्के, हा प्रश्नच चुकीचा आहे

प्रश्न: माझ्याकडे आय-५ १०४००एफ, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय आणि फुल एचडी ७५ हर्ट्झचा मॉनिटर आहे. आरटीएक्स ४०६० घ्यायचं म्हणतोय. प्रोसेसर बॉटलनेक होईल का, हे घ्यायच्या आधी कसं ओळखायचं?

बॉटलनेक म्हणजे हळू भागाने वेगवान भागाला अडवणं. ते किती टक्के, हे सांगणारे नेटवरचे कॅल्क्युलेटर आधी बंद करा. प्रोसेसरचं नाव टाका, कार्डाचं नाव टाका, की ‘२३ टक्के बॉटलनेक’ असं लाल अक्षरात येतं. कुठला गेम, कुठली सेटिंग, तुम्हाला किती फ्रेम हवेत, यातलं काहीही न विचारता किंवा जेमतेम विचारून तो आकडा येतो. त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही.

एवढं चिडून लिहितोय कारण याच आकड्यावरून आमच्या घरात वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. भाच्याकडे आय-५ ९४००एफ, रॅमची ८ जीबीची एकच काडी आणि तुमच्यासारखंच १०५० टीआय होतं. त्याला आरएक्स ६६०० हवं होतं. राजारामपुरीतल्या एका दुकानात गेला, तर तिथल्याने कॅल्क्युलेटरवर आकडा काढून दाखवला आणि सांगितलं, नुसतं कार्ड टाकून उपयोग नाही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळंच बदलावं लागेल. म्हणजे कार्डाच्या किमतीवर आणखी वीस-पंचवीस हजार. दाजींना ते पटलं. मी विरोध केला तर म्हणाले, “पाव्हणं, तो रोज त्याच धंद्यात बसतोय, त्याला कळत न्हाई व्हय?”

दाजींचं उद्यमनगरात स्वतःचं मशीन शॉप आहे, म्हणून जास्त राग आला. मी म्हणालो, “दाजी, तुमचा लेथ ड्रिलिंग मशीनला किती टक्के अडवतो, असं कुणी विचारलं तर तुम्ही आधी काय विचाराल?” “जॉब कुठला ते,” असं तेच म्हणाले. पण संगणकाला हे लागू होतं हे मात्र त्यांना मान्य नव्हतं.

जॉब कुठला, एवढ्यावरच सगळं आहे. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी हिशेब करतो: कोण कुठे चाललंय, कुठली गोष्ट नजरेत येते, काय काय काढायचं. मग कार्ड ते चित्र काढतं. तोवर प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या हिशेबाला लागलेला असतो. दोघांत जो हळू, त्याचा वेग तुम्हाला पडद्यावर मिळतो. रिझोल्यूशन कमी केलं की कार्डाचं काम खूप घटतं, प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणूनच प्रोसेसरची कमाल मर्यादा मोजायला नवं कार्ड लागत नाही, घरातलं जुनं कार्ड पुरतं.

भाच्याच्या मशीनवर आम्ही हेच केलं. गेम सायबरपंक २०७७, कारण त्याला तोच खेळायचा होता आणि प्रोसेसरला घाम फोडणारा आहे. व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद केली. एमएसआय आफ्टरबर्नरमधून पडद्यावर `GPU usage`, `Framerate` आणि `Framerate 1% Low` लावलं. यातला शेवटचा, एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग. शहरातला गर्दीचा बाजार निवडला, कारण मोकळ्या रस्त्यावर मोजलेला आकडा फसवा असतो. नवं कार्ड आल्यावर जशी हवी तशी `Crowd Density` हायवर ठेवली. टेक्स्चर तेवढे लो केले, कारण जुन्या कार्डात ४ जीबीच मेमरी आहे आणि टेक्स्चरचा प्रोसेसरवर फारसा भार नसतो.

इथे बरेच जण घोळ करतात. सगळा प्रीसेटच लोवर टाकतात. त्याने गर्दी आणि लांबवर दिसणाऱ्या वस्तूही कमी होतात, प्रोसेसरचं काम हलकं होतं आणि त्याची मर्यादा आहे त्यापेक्षा मोठी दिसते. टेक्स्चर सोडले तर बदलायचं फक्त रिझोल्यूशन. तेही १६:९ मधलंच घ्या. चौकोनी घेतलं तर दिसणारा भाग अरुंद होऊ शकतो आणि आकडा पुन्हा बिघडतो.

फुल एचडीला त्या बाजारात तिशीच्या आतबाहेर फ्रेम मिळत होते आणि `GPU usage` ९९. म्हणजे अडवणूक कार्डाची, यात वाद नाही. मग १२८० बाय ७२० केलं, वर एफएसआर, म्हणजे चित्र आणखी लहान काढून मग ताणून मोठं करणारी सोय, अल्ट्रा परफॉर्मन्सवर टाकलं. चित्र बघवत नव्हतं, पण `GPU usage` सत्तरवर आलं आणि फ्रेम साठ-बासष्टला जाऊन थांबले. कार्ड रिकामं बसलंय तरी फ्रेम वाढत नाहीत, म्हणजे ही प्रोसेसरची बाजू. एक टक्का लो मात्र चाळिशीच्याही खाली होता, आणि खेळताना जाणवणारे धक्के तेच.

भाचा हिरमुसला. “मामा, म्हणजे दुकानवाला बरोबर?”

मी त्याच दिवशी दुसरी ८ जीबीची काडी आणून लावली. एका काडीवर मेमरी सिंगल चॅनलमध्ये चालते, प्रोसेसरला माहिती अर्ध्या रुंदीच्या वाटेने मिळते. शिवाय या गेमला ८ जीबी पुरतही नाही. त्याच बाजारात, त्याच वाटेने चालून परत मोजलं. सरासरी सत्तरच्या घरात आणि लो पन्नासच्या वर. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच. दुकानातल्या कॅल्क्युलेटरने काडी एक आहे की दोन हे विचारलंसुद्धा नव्हतं.

आता दुसरी बाजू. आरएक्स ६६०० फुल एचडीला, भाच्याला हव्या असलेल्या हाय सेटिंगवर या गेममध्ये किती फ्रेम देतं, हे वेगवान प्रोसेसरवर घेतलेल्या परीक्षणांत बघितलं. साठच्या आसपास. प्रोसेसर सत्तर देऊ शकतो, कार्ड साठ देऊ शकतं, तर मिळणार साठच. अडवणार कोण? नवं कार्डच. कार्ड आलं, बसवलं, बाजारात `GPU usage` बहुतेक वेळ ९७-९८. दाजींना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, “आकडं मला काय कळतात.” दुकानातला २३ हा आकडा मात्र त्यांना नीट कळला होता.

तुमच्याबाबतीत सांगायचं तर १०४००एफ हा भाच्याच्या प्रोसेसरपेक्षा बरा. कोअर सहाच, पण थ्रेड १२. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर बहुतेक गेममध्ये तो आडवा येऊ नये. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, वरची चाचणी तुमच्या दोन-तीन गेमवर करा. रिझोल्यूशन पार तळाला नेऊनही १०५० टीआयचं `GPU usage` ९९ वरच राहिलं, तर मर्यादा सापडलीच नाही असं समजा. प्रोसेसर निदान तेवढे फ्रेम देतो एवढंच त्यातून कळतं. तो आकडा ७५ च्या वर असेल तर तुमच्या मॉनिटरसाठी विषय तिथेच संपला.

टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण आकडा बघून काही ठरवू नका. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एकाच थ्रेडवर अडकतं. १२ पैकी एक थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकड्यात त्याचे जेमतेम ८ टक्के दिसतात. विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असतं, त्यामुळे कुठलाच कोअर शंभरला गेलेला दिसत नाही. ‘प्रोसेसर तर ४० टक्केच चाललाय, मग बॉटलनेक कसला’ म्हणणारे इथेच फसतात. मर्यादा काढून टाकलेली असताना कार्ड ९५ च्या बरंच खाली रेंगाळतंय का, तेवढं बघा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ४०६० कार्डाला प्रोसेसरशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या आठच लेन वापरतं, आणि १०४००एफ तिसऱ्या पिढीचा वेग देतो, चौथ्या नाही. एरवी फरक किरकोळ पडतो, पण कार्डाची ८ जीबी मेमरी भरून वाहू लागली की धक्के जास्त बसतात. तेव्हाही `GPU usage` पडतं आणि लोक प्रोसेसरला शिव्या देतात. टेक्स्चर एक पायरी खाली आणा. धक्के थांबले तर दोष मेमरीचा. ६५०० एक्सटीला तर चारच लेन आहेत, जुन्या बोर्डात ते घेऊच नका.

दुसरं म्हणजे ड्रायव्हर. डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर एएमडीपेक्षा प्रोसेसरचं काम जास्त खातो, असं २०२१ पासूनच्या चाचण्यांत दिसलं आहे. इंटेलच्या आर्क बी५८० ला हा त्रास आणखी जास्त, जुन्या प्रोसेसरवर ते बरंच मागे पडतं. त्यामुळे १०५० टीआयवर मोजलेली मर्यादा ४०६० वर साधारण तीच राहील, ६६०० सारख्या कार्डावर कदाचित थोडी वर जाईल, आर्कवर मात्र ती धरून चालू नका.

आणि हो, नव्या प्रोसेसरने भाच्याचे लो आणखी सुधारले असते, हे खरं आहे. रे ट्रेसिंग लावलं तर प्रोसेसरवरही भार वाढतो, तेव्हा ती मोजणी वेगळी करावी लागते. आता तो १४४ हर्ट्झच्या मॉनिटरचं म्हणतोय आणि दाजी मला ऐकवतायत, “बघा पाव्हणं, शेवटी प्रोसेसर बदलावाच लागतोय.” सायबरपंकमध्ये १४४ फ्रेम हवे असतील तर ९४००एफ नक्की अडवेल. पण त्याच्या हाय सेटिंगला ६६०० सुद्धा तिथवर पोचत नाही, म्हणजे प्रोसेसर बदलूनही हातात साठच येणार. व्हॅलोरंटसाठी मॉनिटर घेत असेल तर गोष्ट वेगळी. तो गेम हलका आहे, कार्डाला त्यात फारसं काम नाही, तिथे प्रोसेसरच ठरवतो. आधी व्हॅलोरंटमध्ये मोजून आण, मग बोलू, असं भाच्याला सांगितलंय.