‘प्लीज मेसेज करा’ लिहून सुटका होत नाही गं

प्रिय पोरी,

काल रात्री तू पाठवलेले स्क्रीनशॉट बघितले. उत्तर फोनवरच देणार होतो पण फोनवर तू नुसतं हो काका हो काका करतेस आणि दुसऱ्या दिवशी विसरतेस, म्हणून लिहून पाठवतोय. अकरा वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकण्यात घालवली मी, आधी फोनवर आणि मग फेसबुक-इन्स्टावर, तर थोडं ऐक.

तर झालं काय, डोंबिवलीच्या एका बाईंनी तुमच्याकडून आंब्यांची दोन डझनची पेटी मागवली, चोवीसातल्या नऊ आंब्यांत साका निघाला, म्हणजे बाहेरून चांगले पण आतला गर खराब. तुम्ही टाकलेल्या नव्या पेट्यांच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं की पैसे घेतले आणि आता फोन उचलत नाहीत, फसवणूक आहे, कोणी घेऊ नका. तू खाली लिहिलंस ‘प्लीज मेसेज करा’ आणि हात जोडल्याचं चित्र. त्यांनी परत लिहिलं, तू परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. तोपर्यंत खाली अजून चार जण आले, माझ्याही पेटीत तीन निघाले, माझ्याही, आणि एकाने विचारलं की यांचा आंबा खरंच देवगडचा आहे का. आता हे प्रकरण एका पेटीचं राहिलेलं नाही.

तुझं चुकलं कुठे ते सांगतो. बाईंना बाजूला बोलवायचं हे तुझं बरोबरच होतं, कारण ऑर्डर नंबर, पत्ता, पैसे कुठे परत करायचे हे सगळ्यांसमोर विचारायचं नसतंच. पण तू त्यांच्याबरोबर उत्तरही आत घेऊन गेलीस. बाकीच्यांना दिसलं काय, तर एक चिडलेली बाई आणि तिला दाराआड ढकलणारा दुकानदार. माझं सरळ म्हणणं असं आहे की माणसाची खाजगी माहिती तेवढी आत न्यायची, उत्तर बाहेर ठेवायचं. साका म्हणजे काय, तो आधी का दिसला नाही, निघाला तर तुम्ही काय करता, हे त्या बाईंइतकंच त्या चौघांनाही हवंय, आणि काही न लिहिता नुसतं वाचून पुढे गेलेल्या लोकांनाही हवंय. आणि तसे लोक लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

मी असतो तर त्यांच्या कमेंटखालीच, म्हणजे वेगळी पोस्ट न टाकता, असं लिहिलं असतं:

‘नमस्कार, चोवीसातले नऊ आंबे खराब निघाले, वर फोनही लागला नाही, राग येणं साहजिक आहे. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, म्हणून साका निघालेल्या प्रत्येक फळाचे पैसे आम्ही परत देतो. कापलेल्या फळाचा फोटो तेवढा लागतो. तुमचा ऑर्डर नंबर इथे उघड विचारत नाही, तुम्हाला आत्ताच मेसेज केलाय, दिसला नाही तर रिक्वेस्टमध्ये बघा. आज रात्री आठच्या आत तुमचं काम करून इथेच कळवतो.’

बघ यात काय काय आहे. नऊ हा आकडा आहे, म्हणजे वाचलंय हे कळतं. बाकीच्यांचं उत्तर मधेच देऊन झालंय. आत का जातोय त्याचं कारण आहे, नाहीतर लोकांना वाटतं लपवाछपवी चाललीय. वेळ आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘मेसेज करा’ नाहीये, ‘मेसेज केलाय’ आहे. अगं ज्याचे आंबे खराब निघाले त्यालाच अजून एक काम कशाला सांगायचं? आधी तू मेसेज कर आणि मग बाहेर लिही, उलटं नको, नाहीतर त्या इनबॉक्स उघडून बघतात, काहीच नसतं, आणि पुढचा स्क्रीनशॉट त्याचाच येतो.

आता आतला मेसेज. इन्स्टावर तुम्हाला फॉलो न करणाऱ्या माणसाला मेसेज गेला की तो रिक्वेस्टमध्ये पडतो आणि समोरच्याने स्वीकारेपर्यंत तू पुढे काही पाठवू शकत नाहीस, म्हणून नुसतं ‘हाय मॅडम’ पाठवून ती एक संधी घालवू नकोस. कोण लिहितंय, कशाबद्दल, काय हवंय आणि काय देणार, सगळं एकाच मेसेजमध्ये. त्यांना सगळी गोष्ट परत सांगायला लावू नको, बाहेर लिहिलंय तेच तू आत घेऊन जा. ‘डोंबिवलीची दोन डझनची पेटी, नऊ फळांत साका, डझनाला हजार म्हणजे नऊ फळांचे ७५० रुपये होतात, फोटो आणि ज्या नंबरवरून ऑर्डर दिली तो नंबर पाठवा, ज्या खात्यातून पैसे आले तिथेच परत पाठवतो.’ बस. आणि हा मेसेजसुद्धा उद्या सगळ्यांसमोर येणार आहे असं धरूनच लिहायचं. मी एकदा आतमध्ये एका ग्राहकाला ‘तुम्ही नीट ठेवले नसतील’ असं लिहून बसलो होतो, दहा मिनिटांत तो स्क्रीनशॉट बाहेर आला आणि मग बाहेर कितीही गोड बोललो तरी कोणाला खरं वाटेना.

मग येतो तो भाग जो सगळे विसरतात. आत काम झालं की बाहेर परत यायचं. नाहीतर वर तक्रार, खाली तुझं ‘मेसेज केलाय’, आणि पुढे शांतता. सहा महिन्यांनी कोणी ती पोस्ट बघितली तर त्याला वाटणार बाईंना काहीच मिळालं नाही. म्हणून त्याच जागी एक ओळ, ‘आज साडेसहाला तुमचे पैसे परत पाठवलेत, फोटो पाठवल्याबद्दल आभार’. रक्कम लिहू नको, नंबर लिहू नको, आतमध्ये त्यांनी काय सांगितलं ते तर अजिबात नको. आणि आता कमेंट काढून टाका असं चुकूनही म्हणू नकोस. त्यांना वाटलं तर त्या स्वतः लिहितील की पैसे मिळाले, आणि ती एक ओळ तुझ्या दहा ओळींपेक्षा भारी असते.

रात्री आठपर्यंत काम झालंच नाही तर? तरी आठला लिहायचं. ‘बँकेकडून अजून झालं नाही, उद्या अकराला परत कळवते.’ दिलेल्या वेळेला गप्प बसणं हे उशिरापेक्षा वाईट.

त्या बाकीच्या चौघांचं काय करायचं, तर प्रत्येकाखाली तोच मजकूर चिकटवू नको. एकाखाली एक तेच वाक्य दिसलं की मशीन बोलतंय असं वाटतं. साक्याबद्दलचं सविस्तर उत्तर एकदा नीट लिही, ते वर पिन कर, आणि प्रत्येकाला एक-एक ओळ त्याच्या आकड्यासकट, ‘तुमचे तीन ना, मेसेज केलाय’. देवगडचा आहे का विचारणाऱ्याला मात्र आत नेऊ नकोस. त्यात खाजगी काय आहे? बाग कुठल्या गावात आहे ते तिथेच सांग, बागेचा फोटो टाक. असा प्रश्न आत नेला की उत्तर नाहीये असंच लोक समजतात. घाटात गाडी अडकली, दोन दिवस उशीर होणार, तेही तसंच, सगळ्यांना लागू आहे तर सगळ्यांसमोरच.

एखादा माणूस आत यायलाच तयार नसतो, त्याला बाहेरच भांडायचं असतं. त्याला दोनदा उत्तर द्यायचं, दुसऱ्यांदा फोन नंबर आणि वेळ द्यायची, की या नंबरवर मी सहापर्यंत आहे. तिसऱ्यांदा वाद घालायचा नाही. वाचणाऱ्यांना तोपर्यंत कळलेलं असतं कोण काय म्हणतंय.

कमेंट उडवायचा मोह होईल, बाबा तर म्हणतीलच उडव. उडवू नको. फेसबुकवर तू कमेंट लपवलीस तरी लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती दिसतच राहते, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त राग येणार त्यांनाच ती दिसते. अपवाद एकच, कोणी स्वतःचा मोबाईल नंबर किंवा पत्ता उघड टाकला तर. तेव्हा आधी त्यांना आत कळव की नंबर काढून परत लिहा, आणि ते जाग्यावर नसतील तरच लपव, आणि बाहेर लिही का लपवलं ते.

हे नंबरचं मी उगाच ताणत नाहीये. चिडलेल्या माणसाच्या कमेंटवर भामटे टपून बसलेले असतात. तुमच्याच नावाचं, तुमचाच फोटो लावलेलं खोटं खातं काढतात आणि तुझ्या आधी त्या बाईंना मेसेज करतात, रिफंडसाठी ही लिंक दाबा, पिन टाका. म्हणून तुझ्या बाहेरच्या उत्तरात कधीतरी हेही असू दे, की आम्ही फक्त याच खात्यावरून लिहितो, ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच मागत नाही, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. असं खोटं खातं दिसलं तर रिपोर्ट कर आणि कमेंट करणाऱ्याला त्याच ठिकाणी सावध कर. कोणाचे पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला सांग, तिथे जितक्या लवकर कळवू तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

गूगलवरच्या रिव्ह्यूचं गणित वेगळं. तिथे आत जायची वाटच नाही, तुझं उत्तर उघडच राहतं आणि नावावरून ग्राहक कोण ते कळेलच असं नाही. तिथे दुकानाचा नंबर दे, कोणाला विचारायचं ते सांग, आणि काम झालं की तेच उत्तर एडिट करून त्यात शेवटची ओळ घाल.

अजून एक, बारीकच आहे. मराठीत लिहिणाऱ्याला मराठीत उत्तर दे, तुम्ही-आम्ही करून. चिडलेल्या माणसाला एकदम ‘ताई’, ‘दादा’ म्हणायला जाऊ नकोस, तो म्हणतो माझे पैसे दे, नातं नको. आणि ते हात जोडल्याचं चित्र बंद कर बाई.

आता आज काय करायचं. डोंबिवलीच्या बाईंना आधी मेसेज, मग ती तीन ‘प्लीज मेसेज करा’ आहेत तशीच राहू देत, त्यांच्याखाली नीट उत्तर लिही, सुरुवात अशी कर की काल मी नुसतं मेसेज करा म्हटलं, ते चुकलं. पाठवायच्या आधी मला दाखव, मी नऊपर्यंत जागा आहे. आणि बाबांना विचार फोन का उचलला नव्हता, कारण ते कोणीतरी विचारणारच आहे आणि ते तिथे सगळ्यांसमोर सांगावं लागणार आहे.

तुझा,
काका