भाऊ दवाखान्यात जायला तयार नाही. दोष ‘व्यसनी’ या शब्दाचा का?

*ताई, माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याचे पिणे गेल्या काही वर्षांत फार वाढले आहे. मागच्या महिन्यात पोटदुखीसाठी त्याला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्याच्यासमोरच मी म्हणाले, “हा व्यसनी आहे.” तो उठून निघून गेला आणि आता दवाखान्याचे नावही काढू देत नाही. डॉक्टर नंतर म्हणाल्या, ‘व्यसनी’ म्हणू नका, ‘मद्यसेवन विकार असलेली व्यक्ती’ म्हणा. माझे यजमान विचारतात, नाव बदलून दारू सुटते का? हे त्याला पाठीशी घालणे नाही का?*
*– एक बहीण*

सप्रेम नमस्कार.

यजमानांचा पहिला प्रश्न रास्त आहे. नाव बदलल्याने दारू सुटत नाही. ती सुटायला किंवा कमी व्हायला औषधे लागतात, समुपदेशन लागते आणि वेळ लागतो. पण या सगळ्याची सुरुवात ज्या खोलीत होते, त्या खोलीत तुमचा भाऊ बसून राहतो की उठून जातो, हे पुष्कळदा पहिल्या वाक्यावर ठरते. डॉक्टरांच्या सूचनेचे महत्त्व मला तिथे वाटते.

‘व्यसनी’ या शब्दाला हो किंवा नाही, एवढीच दोन उत्तरे आहेत. तो कानावर पडला की माणूस स्वतःला तपासत नाही, बचाव करू लागतो. “मी रोज कामावर जातो, कोणाकडे उधार मागत नाही, रस्त्यात पडलेला कधी दिसलो का?” असे पुरावे तो देतो. ते खरेही असतात, आणि त्यांच्या आधाराने तो तपासणी टाळतो. विकाराचे तसे नसते. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने २०१३ साली डीएसएम-५ ही आपली निदानपुस्तिका आणली, तेव्हा ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ ही दोन जुनी निदाने काढून त्यांच्या जागी दारूसारख्या नशेच्या पदार्थांसाठी ‘पदार्थसेवन विकार’ हे एकच निदान ठेवले आणि त्याला तीव्रतेच्या पायऱ्या दिल्या. दारूच्या बाबतीत तोच ‘मद्यसेवन विकार’. मागील १२ महिन्यांत ११ लक्षणांपैकी किती दिसली, हे पाहायचे. दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम, सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. ठरवले त्यापेक्षा जास्त पिणे, कमी करण्याचे प्रयत्न फसणे, तलफ येणे, पूर्वीइतक्या दारूने परिणाम न होणे, प्रकृती बिघडते हे कळूनही चालू ठेवणे, ही त्यांतली काही. जो माणूस ‘मी व्यसनी नाही’ म्हणून तासभर भांडेल, तोच “ठरवलेल्यापेक्षा जास्त घेतली जाते का?” या प्रश्नाला बहुधा खरे उत्तर देतो, कारण त्या उत्तराने तो माणूस म्हणून निकालात निघत नाही.

शब्दाचा परिणाम ऐकणाऱ्यावरही होतो, आणि तो शिकल्यासवरल्या लोकांवरही होतो. जॉन केली आणि कॅसांड्रा वेस्टरहॉफ यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या पाचशेहून अधिक व्यावसायिकांना एका रुग्णाची छोटी हकिकत वाचायला दिली. न्यायालयामार्फत उपचारांत असलेल्या आणि तिथल्या अटी पाळणे जड जाणाऱ्या माणसाची ती हकिकत सर्वांना सारखीच होती. फरक एवढाच की काहींच्या कागदावर त्याला ‘पदार्थांचा गैरवापर करणारा’ म्हटले होते आणि काहींच्या कागदावर ‘पदार्थसेवन विकार असलेली व्यक्ती’. पहिला शब्द वाचणाऱ्यांचा कल, दोष त्याचाच आहे आणि त्याच्यावर दंडात्मक कारवाई व्हावी, या मताकडे अधिक होता. हा फरक फार मोठा नव्हता, आणि तपासलेला शब्दही नेमका ‘व्यसनी’ नव्हता. शब्द बदलल्यामुळे इतके लोक जास्त उपचारांना आले, असेही त्या अभ्यासाने दाखवलेले नाही. पण उपचार करणाऱ्यांचे मतसुद्धा कागदावरच्या एका शब्दाने सरकते, हे त्यातून दिसले. आपल्याकडे दोषी म्हणून पाहिले जाईल ही भीती माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवते किंवा तिथे जाऊनही खोटे बोलायला लावते. ‘कधीतरी घेतो’ असे तो सांगतो आणि डॉक्टर पोटदुखीच्या गोळ्या लिहून देतात.

आता पाठीशी घालण्याविषयी. विकार म्हटल्याने भावाच्या वागण्याची जबाबदारी संपत नाही. उलट, ‘तू दारुडाच आहेस’ या वाक्यात जबाबदारीला जागाच उरत नाही, कारण जो मुळातच तसा आहे तो दुसरे काय करणार? “काल रात्री तू पिऊन गाडी चालवलीस, किल्ली आजपासून माझ्याकडे राहील,” हे वाक्य अधिक कडक आहे आणि त्यात एकही शिवी नाही. कृत्याला नाव द्यावे, मर्यादा घालावी, माणसाला शिक्का मारू नये, इतकेच डॉक्टरांना अभिप्रेत असावे.

म्हणून पुढच्या वेळी भावाशी एकट्याने बोला, तो प्यायलेला नसताना. झाल्या गोष्टीबद्दल दोनच वाक्ये पुरेत: “त्या दिवशी मी तुला सर्वांसमोर ‘व्यसनी’ म्हणाले, ते चुकले. तुझ्या पोटदुखीची आणि दारूची, दोन्हींची मला काळजी वाटते.” मग विचारा, “डॉक्टरांना किती आणि कधीपासून, हे तू स्वतः सांगशील का? मी बाहेर बसेन.” घरात ‘मद्यसेवन विकार’ हा जड शब्द वापरण्याची गरज नाही, ‘दारूचा त्रास’ म्हटले तरी चालते. मात्र कागदावर, फोनवर किंवा नव्या डॉक्टरांशी बोलताना “भावाला मद्यसेवन विकार असावा, तपासणी हवी आहे,” असे सांगा. केसपेपरवर काय लिहिले जाते, ते पुढचा प्रत्येक डॉक्टर आणि परिचारिका त्याला भेटण्याआधी वाचते.

उद्या तो एखाद्या स्वमदत गटात जाऊ लागला आणि स्वतःला ‘मी बेवडा’ म्हणू लागला, तर त्याला दुरुस्त करू नका. स्वतःसाठी शब्द निवडण्याचा हक्क त्याचा आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये अनेकांना त्या कबुलीतूनच बळ मिळते. तो शब्द तुम्ही त्याला चिकटवणे ही वेगळी गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. माफीनंतर भारावून जाऊन त्याने “आजपासून बंद” म्हटले, तर आनंदाच्या भरात त्याला तसे करू देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर हात थरथरणे, घाम, झोप उडणे इथून सुरुवात होऊन पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि नंतर भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. बंद कशी करायची, घरी की दाखल होऊन, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, आणि त्यासाठी तो रोज किती पितो याचा खरा आकडा त्यांना कळावा लागतो. तो आकडा त्याच्या तोंडून यावा, यासाठीच हा सगळा शब्दांचा खटाटोप आहे.