आजीच्या पेटीत पोर्तुगीज काळातली दोन तिकिटं मिळाली, ती कधीची आणि खरी आहेत का?

«मधे मुकुट आहे, वर इंडिया पोर्तुगेझा, खाली 25 रेईस, रंग गुलाबी. दुसरं तसंच, पण त्याच्यावर काळा 6 छापलाय आणि पोस्टाचा शिक्कापण आहे. घर फोंड्याला. किती जुनी आणि ओरिजिनल का, कसं ओळखू?»

आधी एक सांगतो, ती पाण्यात टाकू नका आणि बोटाने धरू नका, चिमट्याने धरा. आता पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच इतकी ओल असते की मागचा डिंक बोटाच्या घामानेसुद्धा सुटतो.

पहिल्या तिकिटाचं वय चित्र आणि पैसे बघूनच बरंचसं कळतं. पोर्तुगालने वसाहतींसाठी काढलेलं, लिस्बनच्या टांकसाळीत छापलेलं हे मुकुटाचं डिझाइन आपल्याकडे 1877 मध्ये आलं, आणि 1886 मध्ये त्याच्या जागी राजा लुईसचा उठावदार चेहरा आला. म्हणजे नऊ वर्षं. आता पैशाकडे बघा. सुरुवातीला किमती 5, 10, 20, 25 अशा रेईसमध्ये होत्या, मग ब्रिटिश इंडियाशी चलन जुळवलं, 12 रेईसचा एक तंगा आणि 16 तंग्यांची एक रुपी झाली (1881 ची लुईसच्या चेहऱ्याची रुपी अजून कितीतरी घरांत देव्हाऱ्यात सापडते, ती ह्याच बदलातली), आणि 1882 पासून मुकुटाच्याच तिकिटांवर दीड रेईस, साडेचार रेईस, 1 तंगा अशा किमती आल्या. तुमचं 25 रेईस म्हणजे बदलाच्या आधीचं. त्यात 25 रेईस पहिल्यांदा गुलाबी होतं, 1880 च्या सुमाराला त्याचा रंग बदलून करडा-जांभळा केला. तर डिझाइन 1877 च्या पहिल्या खेपेचं.

पण डिझाइन कधीचं हे कळलं म्हणजे कागद कधीचा हे कळलं असं नाही, आणि लोक इथेच फसतात. ह्या मुकुटाच्या तिकिटांचे पोर्तुगालने स्वतःच रिप्रिंट काढले, 1885 च्या सुमाराला आणि परत 1905 मध्ये. ते खोटे नाहीत, सरकारी छापाच आहे, पण गोव्याच्या पोस्टात कधी चालले नाहीत आणि बाजारात त्यांची गणती वेगळी होते. ओळखायचे कसे? एक प्रकार गुळगुळीत, खडूसारख्या पांढऱ्या कागदावर, मागे डिंकच नाही. दुसरा पातळ पांढऱ्या कागदावर, मागे चकचकीत पांढरा डिंक. दोन्हींच्या कडेचे दात 13½ चे, दुसऱ्या प्रकारात भोकं तर एकदम साफ कापलेली.

13½ म्हणजे काय तर 2 सेंटीमीटरमध्ये साडेतेरा भोकं. ओरिजिनल 12½ चीही आहेत आणि 13½ चीही, त्यामुळे मोजून 12½ आलं तर रिप्रिंटची शंका जवळजवळ मिटली, पण 13½ आलं तर त्यावरून काहीच ठरत नाही, मग कागद बघायचा. मोजायला परफोरेशन गेज नसेल तर तिकीट पट्टीशेजारी ठेवून 600 डीपीआयला स्कॅन करा, 2 सेंटीमीटर म्हणजे सुमारे 472 पिक्सेल होतात, तेवढ्यात भोकं मोजा. मी हे चहाच्या टेबलावर साध्या पट्टीने करून बघितलंय, एका भोकाचा फरक डोळ्याने सुटतो, स्कॅनवर सुटत नाही. चारही बाजू मोजा. एखाद्या बाजूचे दात बाकीच्यांपेक्षा बारीक किंवा तिरके असले, आणि टोकं कात्रीने कापल्यासारखी सपाट असली, तर ती बाजू कोणीतरी नंतर पाडलीय. शीटमधून फाडलेल्या दाताच्या टोकाला भिंगातून कागदाचे तंतू दिसतात.

डिंक नाही म्हणून लगेच रिप्रिंट म्हणू नका. गोव्यात ठेवलेल्या तिकिटांचा डिंक उडालेला मिळणं नेहमीचंच, आणि कागदावर तांबूस ठिपके पडतात तेपण इथल्या ओलीचे. मला उलटंच वाटतं, आपल्या एखाद्या जुन्या घरातल्या पेटीतून एकही डाग नसलेला पांढराशुभ्र कागद निघाला तर मी आधी संशय घेतो.

छपाई बघायची ती उजेड एका बाजूने तिरका पाडून. ही तिकिटं उठावदार ठशाने छापलेली, म्हणजे ठसा कागदावर दाबला की शाई रेषेच्या कडेला सरकते. 10 पट भिंगात रेषेच्या कडा मधल्या भागापेक्षा गडद दिसतात आणि मागून कागदावर हलका उठाव जाणवतो. आजकालची नक्कल असेल तर भिंगात गुलाबी रंग छोट्या ठिपक्यांचा बनलेला दिसतो आणि मागची बाजू सपाट. हे एवढं सोपं आहे की कॅमेऱ्याच्या मॅक्रोनेपण कळतं.

आता दुसरं तिकीट, काळ्या 6 चं, आणि माझ्या मते जपून बघायचं तेच. चलन बदललं तेव्हा जुन्या रेईसच्या तिकिटांचा साठा उरला होता, त्यावर इथेच नवे आकडे छापून वापरला. ह्या सरचार्जचे प्रकार खूप, काही खूप महाग, आणि साधं मुकुटाचं तिकीट स्वस्तात मिळतं, त्यावर एक आकडा छापला की किंमत कितीतरी पट वाढते. म्हणून खोटे सरचार्ज भरपूर झाले. तिकीट खरं, कागद खरा, दात खरे, फक्त आकडा खोटा, आणि वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षांत ते पास होतं!

मी पूर्वी एका विक्रेत्याकडून असं एक घेतलं. घरी भिंगाखाली धरलं तर नोवा गोवाच्या, म्हणजे तेव्हाच्या पणजीच्या, शिक्क्याची रेघ आकड्याच्या जागी येऊन आकड्याखाली जात होती, वरून नाही. पोस्टात आधी आकडा छापलेलं तिकीट विकतात, मग पत्रावर शिक्का मारतात, म्हणजे शिक्का वरच पाहिजे. माझ्या तिकिटावर आकडा शिक्क्याच्या वर होता, म्हणजे वापरलेल्या तिकिटावर कोणीतरी नंतर छापला. तुमच्या तिकिटावरपण दोन्ही काळे असतील तर हे सहज दिसणार नाही. तिकीट तिरकं धरून चमक बघा, वरची शाई थोडी वेगळी चमकते आणि दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे कुठली तुटते ते दिसतं. शिक्का वर दिसला म्हणून मात्र खरं ठरत नाही, कारण शिक्केपण नकली मारतात. शिक्क्यात तारीख वाचता येत असेल तर ती 1881 च्या आधीची नसावी, तेव्हा हे आकडे छापायला सुरुवातच झाली नव्हती.

आकड्याचा आकार, जाडी, 6 च्या पोटाची गोलाई हे खात्रीच्या नमुन्याशी ताडून बघावं लागतं, नुसत्या वर्णनावरून मी खरं-खोटं सांगणार नाही. दोन्हींचा पुढचा आणि मागचा स्कॅन पट्टीसकट टाका, 6 चा वेगळा जवळून टाका. गुलाबीचा निकाल त्यावरून लागेल. 6 चं तिकीट विकायचं असेल तर आधी एक्सपर्ट सर्टिफिकेट काढून घ्या, घरातच ठेवायचं असेल तर तो खर्च करू नका.