चिमणी उंच केली तर सातशे मीटरवरच्या वाड्याला किती फरक पडेल?

प्रश्न: आमचा वाडा फोंडा तालुक्यात सड्यावरच्या एका कारखान्यापासून साधारण सातशे मीटरवर आहे. बॉयलरची चिमणी 30 मीटर आहे, ती 41 मीटर करणार असे ग्रामसभेत सांगितले. इंधन फर्नेस ऑइल, तासाला सुमारे 510 किलो, गंधक 3.5 टक्के. वारा जोरात असला की धूर विरून जातो, असेही ते म्हणतात. पण दुपारी वारा सुटला की कारखान्याच्या फाटकाजवळच्या दुकानात वास उलट वाढतो. हे गणित नेमके कसे करतात, आणि उंची वाढवल्याने आम्हाला किती फायदा होईल?

उत्तर:

आपण इंधनाचे आकडे दिले आहेत, त्यामुळे अंदाज बराच नेमका करता येतो. 510 किलो तेलात 3.5 टक्के गंधक म्हणजे तासाला जवळपास 18 किलो गंधक. जळल्यावर त्याचे वजनाने दुप्पट, म्हणजे 36 किलो सल्फर डायऑक्साइड होते. सेकंदाला 10 ग्रॅम. 41 मीटरचा आकडाही इथूनच आला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राप्रमाणे तासाला जितके किलो सल्फर डायऑक्साइड सुटते त्या संख्येचा 0.3 घात करून त्याला 14 ने गुणायचे. 36 साठी उत्तर बरोबर 41 मीटर येते, आणि सूत्राचे उत्तर काहीही आले तरी 30 मीटरपेक्षा कमी चालत नाही. मात्र या सूत्रात वारा नाही, अंतर नाही आणि आपला वाडाही नाही. त्यासाठी धुराचा लोट वाऱ्याबरोबर कसा पसरतो हे काढणारे गाउसियन लोटाचे प्रतिमान वापरावे लागते. लोटाच्या मध्यरेषेखाली, जमिनीलगतच्या हवेतील प्रमाण त्यात असे मिळते:

```
C = Q / (π u σy σz) × exp( −H² / (2 σz²) )
H = h + Δh
```

येथे Q म्हणजे दर सेकंदाला सुटणारा वायू, u म्हणजे चिमणीच्या तोंडाशी असलेला वाऱ्याचा वेग, आणि σy व σz म्हणजे त्या अंतरापर्यंत लोट आडवा व उभा किती पसरला याची मापे. h ही बांधकामाची उंची. गरम धूर तोंडातून निघाल्यावर आणखी Δh इतका वर चढतो, म्हणून गणितात H ही परिणामी उंची धरतात. जमिनीला टेकलेला वायू परत वर फेकला जातो, हा हिशेबही या रूपात आलेला आहे.

आता वाऱ्याकडे पाहू, कारण ग्रामसभेतले विधान अर्धेच खरे आहे. सूत्रात u भाजकात आहे, म्हणून वेग दुप्पट झाला की प्रमाण निम्मे व्हावे असे वाटते. पण वारा धुराला वर चढूही देत नाही. त्याला आडवा वाकवतो. ब्रिग्ज यांच्या सूत्राने ही चढण वेगाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. या आकाराच्या बॉयलरला शोभेल असे तोंड 0.7 मीटर व्यासाचे, धूर 180 अंश सेल्सिअसचा आणि त्याचा वेग सेकंदाला 8 मीटर धरला, तर Δh साधारण 50 भागिले u इतकी येते. म्हणजे 2 मीटर प्रति सेकंद वाऱ्यात धूर 25 मीटर चढतो आणि 4 मीटर प्रति सेकंद वाऱ्यात फक्त साडेबारा. एकच वारा एकीकडे धूर पातळ करतो आणि दुसरीकडे त्याला जमिनीजवळ आणतो. कोणता परिणाम वरचढ ठरेल, हे आपण चिमणीपासून किती दूर उभे आहोत यावर ठरते.

मध्यम उन्हाची दुपार घेऊ, म्हणजे ऊन आणि वारा यांमुळे हवा किती घुसळते यावरून केलेल्या पास्किल वर्गीकरणातला ब वर्ग. उघड्या ग्रामीण जमिनीसाठी त्यात σz अंतराच्या 0.12 पट आणि σy जवळपास 0.16 पट असतो. खालचे सगळे आकडे सल्फर डायऑक्साइडचे, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आणि सुमारे तासाभराच्या सरासरीचे आहेत. आजची 30 मीटरची चिमणी आणि 2 मीटरचा वारा धरला, तर 150 मीटरवर प्रमाण फक्त 35 येते, कारण लोट अजून डोक्यावरून जात असतो. वारा 4 मीटर झाला की त्याच जागी ते 115 होते, म्हणजे तिपटीहून अधिक. फाटकाजवळचे दुकान साधारण याच अंतरावर असेल तर दुकानदाराचा अनुभव खरा आहे आणि तो सूत्रातूनच निघतो. 300 मीटरच्या आसपास, जिथे लोट जमिनीला सर्वांत दाट भिडतो, तिथे 290 चे 235 होतात. घट आहे, पण निम्मी नाही. आपल्या वाड्यापर्यंत, 700 मीटरवर, 140 चे 77 होतात. तिथे लोट इतका पसरलेला असतो की त्याच्या उंचीला फारसे महत्त्व उरत नाही आणि भाजकातला u जवळजवळ एकटाच काम करतो. म्हणून आपल्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि दुकानदारापुरते चूक.

यातूनच धोक्याचा वेग निघतो. σy आणि σz यांचे गुणोत्तर स्थिर धरले तर जमिनीवरचे कमाल प्रमाण u गुणिले H वर्ग या राशीच्या व्यस्त प्रमाणात असते. ही राशी सर्वांत लहान कधी होते ते पाहिले, तर उत्तर येते: धुराची चढण चिमणीच्या उंचीइतकी असताना. 30 मीटरच्या चिमणीसाठी तो वेग 50 भागिले 30, म्हणजे सेकंदाला सुमारे 1.7 मीटर. त्या जवळपास आलेख फार सपाट असतो. वारा 1 वरून 4 मीटरवर गेला तरी कमाल प्रमाण दहा-अकरा टक्क्यांनीच उतरते. हे फक्त वाऱ्याचा परिणाम वेगळा दिसावा म्हणून पास्किल वर्ग तोच ठेवून काढले आहे. प्रत्यक्षात कडक उन्हात मंद वारा असला की वर्ग बदलतो आणि लोट अधिक जवळ उतरतो. वारा 1 मीटरच्याही खाली गेला तर हे सूत्र वापरूच नये; भाजक शून्याकडे जातो आणि उत्तर निरर्थक फुगते.

आता उंची. 4 मीटरच्या वाऱ्यात चिमणी 41 मीटर केली, तर 150 मीटरवरचे 115 चे 22 होतात आणि 300 मीटरवरचे 235 चे 155. हा खरा आणि मोठा फायदा आहे, आणि तो दुकानदाराला व कारखान्यातल्या कामगारांना मिळेल. आपल्या वाड्यावर मात्र 77 चे 72 होतात. 2 मीटरच्या वाऱ्यातही 140 चे 130 च्या आसपास, म्हणजे सात ते नऊ टक्के. कारण सूत्रातच आहे: H फक्त घातांकात येतो, आणि σz जेव्हा H पेक्षा बराच मोठा होतो तेव्हा तो घातांकाचा भाग एकाजवळ जाऊन बसतो. उंच चिमणी वायू कमी करत नाही. तो जमिनीला कुठे आणि किती पातळ होऊन भिडेल एवढेच बदलते.

41 मीटरच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा, आणि माझ्या मते तोच या प्रस्तावातला सर्वांत भक्कम आहे. चिमणी शेजारच्या इमारतीच्या अडीचपट उंच नसेल, तर वारा इमारतीवरून वळताना मागे जो भोवरा तयार होतो त्यात धूर खाली ओढला जातो, आणि मग वरचे सगळे गणित जवळच्या अंतरासाठी कोलमडते. शेड 12 मीटरची असेल तर 30 मीटरची चिमणी काठावर पास होते; 15 मीटरची असेल तर साडेसदतीस मीटर लागतात. याशिवाय वारा धुराच्या वेगाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक झाला, म्हणजे इथे साधारण 5.3 मीटरच्या वर गेला, की धूर चिमणीच्या तोंडामागेच खाली झुकतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. जोराच्या वाऱ्यात बाजूला उभे राहून पाहावे: लोट तोंडाच्या पातळीखाली घसरून चिमणीच्या पाठीला चाटत असेल, तर हाच प्रकार आहे. त्यावर तोंड अरुंद करून धुराचा वेग वाढवणे हा उंचीपेक्षा स्वस्त उपाय असतो.

आपल्या जागेच्या बाबतीत दोन गोष्टी तपासाव्यात. हे सूत्र सपाट जमीन धरते. वाडा सड्याच्या उताराखाली असेल तर समुद्रावरून आलेला दुपारचा वारा कडेवरून खाली वळताना लोटालाही खाली आणू शकतो, आणि समोरच्या टेकडीवर घरे असतील तर तिथे H टेकडीच्या उंचीइतकी कमी पडते. दुसरे म्हणजे वाऱ्याची नोंद. अहवालात पणजीच्या वेधशाळेचा वारा वापरला असेल, तर तो फोंड्याच्या सड्यावरचा वारा नव्हे. नोंद 10 मीटर उंचीवरची असते आणि ती चिमणीच्या तोंडापर्यंत वाढवून घ्यावी लागते. दुपारी ही वाढ थोडी, पण रात्री बरीच असते. थंडीच्या दिवसांत रात्रभर वरच्या थरात अडकलेला धूर सकाळी ऊन तापू लागले की एकदम खाली मिसळतो. ती अर्धा-पाऊण तासाची वेळ या साध्या सूत्रात येत नाही, त्यामुळे सकाळी आठ-नऊच्या सुमारास वास येत असेल तर त्याची वेगळी नोंद ठेवावी.

वरच्या तासाच्या आकड्यांची 24 तासांच्या 80 मायक्रोग्रॅमच्या राष्ट्रीय मानकाशी थेट तुलना करू नये. वारा दिवसभर एकाच दिशेने वाहत नाही. रात्री तो जमिनीकडून समुद्राकडे फिरतो, त्यामुळे वाड्यावरची दिवसाची सरासरी याहून बरीच कमी निघेल. अहवाल मागताना म्हणून आपल्या वाड्याच्या जागेसाठी काढलेली 24 तासांची सरासरी, गणितात भरलेली शेडची उंची आणि वाऱ्याच्या नोंदीचे ठिकाण या तीन गोष्टी मागाव्यात.

इंधनाबद्दलही विचारावे, कारण प्रमाण Q च्या सरळ प्रमाणात बदलते आणि ते सर्व अंतरांवर सारखेच. त्याच बॉयलरला 1 टक्का गंधकाचे इंधन दिले, तर तासाला 36 ऐवजी साधारण 10 किलो सल्फर डायऑक्साइड सुटेल, 4 मीटरच्या वाऱ्यात वाड्यावरचे 77 चे 22 होतील आणि फाटकाजवळचे 115 चे 33. मंडळाचे सूत्र तेव्हा 28 मीटर सांगते, म्हणजे आजची 30 मीटरची चिमणी नियमातही बसते. शेडची उंची तेवढी आधी मोजून घ्यावी.