प्लास्टिकच्या रंगाच्या डब्याचं झाकण कड न चेपता कसं उघडावं?

प्रश्न: चार लिटर इमल्शनचा प्लास्टिकचा डबा आहे. चपट्या स्क्रूड्रायव्हरने झाकण काढताना कड चेपते. काय करू?

उत्तर: एकाच जागी जोर लावून उचकटू नका, झाकण सगळीकडून थोडं थोडं सैल करत फिरा. आधी झाकणाच्या कडेची सीलची पट्टी ओढून पूर्ण काढा, बहुतेक वेळा अडतं तिथेच. मग रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर झाकणाच्या ओठाखाली घाला आणि दांडी खाली दाबण्याऐवजी मूठ मनगटाने किंचित पिळा. झाकण दोन-तीन मिलिमीटर उचललं की थांबा, चार बोटं पुढे सरका. पहिल्या फेरीत ते निघणार नाही, दुसऱ्या फेरीत खटखट सुटतं. दांडी डब्यावर टेकतेय तिथे घडी घातलेलं फडकं ठेवा. प्लास्टिक पांढुरकं दिसू लागलं तर तिथे ताण जास्त झालाय, जागा बदला. मी रंगकाम करतो. चेपलेल्या कडेतून हवा जाऊन उरलेल्या रंगावर साय धरते, म्हणून एवढी काळजी. मात्र वाळलेल्या रंगाने झाकण चिकटलं असेल तर आधी फटीतला रंग ब्लेडने कापा, नाहीतर ही युक्ती चालणार नाही.